जवाबी कार्ड

सांगून सोडलं असतं तर चार दिवस रडले असते आणि कामाला लागले असते. पण तो काही बोललाच नाही. शेवटच्या रविवारी म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो," आणि आलाच नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. मी परभणीला शाळेत शिकवायची, तो गंगाखेडला सरकारी कचेरीत कारकून. आम्ही बौद्ध, तो गावाकडच्या जमीनवाल्या घरातला. शहरात एकत्र फिरायची सोय नव्हती, म्हणून रविवारी तो परभणीला यायचा आणि आम्ही वेगवेगळ्या डब्यांत बसून पिंगळीला जायचो. तिथल्या स्टेशनातल्या बाकावर शेंगा खायच्या, भांडायचं, हसायचं, आणि पुढच्या गाडीनं परत. तिसऱ्या महिन्यात आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. त्या दिवशी मी घरी येऊन विनाकारण सगळी भांडी घासून काढली होती.

तो आला नाही तेव्हा पहिल्यांदा वाटलं, गाडी चुकली असेल. मग वाटलं, आजारी असेल. मग कुठे बंद असेल, मोर्चा असेल. तीन अंतर्देशीय पत्रं टाकली, एकालाही उत्तर नाही. त्याची जुनी पत्रं काढून बसले. 'बघू' असं त्यानं दोनदा लिहिलं होतं. त्या 'बघू'त काय काय सापडलं म्हणता! मी फार बोलते, मी हिशेबानं हसत नाही, त्या रविवारी मी त्याच्या आईबद्दल जरा जास्तच विचारलं. पुरावे एकाहून एक भक्कम, आणि दुसऱ्या दिवशी सगळे फुसके.

मग शाळेतल्या एका बाईंच्या भावानं त्याला गंगाखेडच्या बसस्टँडवर पाहिलं. चहा पीत होता, मजेत होता. ऐकून आधी मी आनंदानं उडालेच, जिवंत आहे! आणि पायऱ्या उतरता उतरता इतका राग आला की चप्पल तुटली.

ताईकडे उत्तर तयार होतं. "जातीचंच हाय बाई. त्याच्या घरच्यांनी डोळे वटारले असतील. सोड आता."

"असेल की. पण तसं त्यानं सांगावं ना!"

"अन् सांगितल्यावर काय करनार हायस?"

मला फक्त त्याच्या तोंडचं कारण हवं होतं. वाईट असलं तरी चालेल, पण त्याचं स्वतःचं.

म्हणून जवाबी कार्ड आणलं. दोन कार्डं जोडलेली. एकावर आपला मजकूर नि त्याचा पत्ता, दुसरं कोरं, त्यावर आपलाच पत्ता लिहून द्यायचा. समोरच्यानं फक्त ओळ लिहायची आणि टाकायचं. खुलं कार्ड, म्हणून बेतानं लिहिलं, 'काय झालं? एक ओळ पुरे.' शाळेच्या घाईत घडी घातली आणि पेटीत टाकलं. त्या दिवशी वर्गात मी मुलींना तिसरी घंटा होईपर्यंत गोष्टीच सांगितल्या. आता तरी येणार!

तिसऱ्या दिवशी पोस्टमनकाकांच्या हातात ते कार्ड दिसलं. वर माझा पत्ता, माझं अक्षर. उत्तर! मी हिसकावूनच घेतलं. आई ओरडली, "अगं, कुनाचं हाय?" मी अंगणाच्या टोकाला पोचलेसुद्धा. घडी उघडली. आत त्याचा पत्ता, माझा प्रश्न. जवाबाची जागा कोरी.

"काका, ह्यानं असं कोरंच पाठवलं?"

काकांनी उलटसुलट करून पाहिलं. "बाई, गंगाखेडचा शिक्का कुठाय ह्यावर? परभणीचाच हाय की. उलटी घडी घातलीत तुमी. तुमचा पत्ता वर आला, मग तुमच्याच दारी आनलं आमी."

मी मटकन खाली बसले आणि खो खो हसत सुटले. काका बिचारे हादरले. आई पाणी घेऊन धावत आली. हसता हसता रडू आलं, पण हसू थांबेना. इतके महिने मला प्रश्नही मीच विचारत होते आणि वाटही माझ्याच पत्राची बघत होते.

काका म्हणाले, "नीट घडी घाला, नवं तिकीट लावा, परत जाईल."

शाईचं पेन आणलं. कोऱ्या भागावरचा माझा पत्ता गिरगटून गिरगटून काळा केला, एक अक्षर वाचता येईना असा. मग घडी सुलट घातली, तिकीट लावलं आणि स्वतः पेटीपर्यंत पळत जाऊन टाकलं. परतताना अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं.

त्याचं कारण मला अजूनही ठाऊक नाही. कधीमधी डिवचतं. पण त्या कार्डाला उत्तर का आलं नाही, हे मात्र मला पक्कं माहीत होतं.