दोन मशिनं, तीन होकार

खाटवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयची नोकरी केली. गुडघे गेले तेव्हा नोकरी सोडली आणि घराखालच्या गाळ्यात आजाऱ्यांचं सामान भाड्याने द्यायला सुरुवात केली. डोक्याकडून वर उचलता येणाऱ्या चार खाटा, तीन चाकांच्या खुर्च्या, दोन हवेच्या गाद्या आणि ऑक्सिजनची दोन मशिनं. मशीन म्हणजे विजेवर चालणारं, गुडघ्याएवढं, घुंई घुंई करणारं खोकं. ज्याला घरी न्यायचं पण नाकातली नळी काढता येत नाही, त्याच्यासाठी. घरी मशीन ठरल्याशिवाय दवाखाना असा पेशंट सोडतच नाही.

सुनेने गाळ्याचे फोटो फोनवर टाकले आणि धंदा वाढला. मेसेज येऊ लागले. कोणी व्हॉट्सअॅपवर विचारी, कोणी फेसबुकच्या पानावर, कोणी इन्स्टाग्रामवर. खाटवाले चष्मा कपाळावर चढवून, फोन हातभर लांब धरून एकेकाला उत्तर देत. उत्तर बहुतेक एकच असे : "हो, मिळेल."

"बाबा, हे कुठे लिहून ठेवता?" सून विचारी.

"इथे," ते डोक्यावर बोट टेकवत. "वॉर्डात चाळीस पेशंट असायचे. कुणाला कधी कूस बदलायची, कुणाचं भांडं कधी काढायचं, एक कागद नव्हता माझ्याकडे."

यात बढाई नव्हती, ते खरंच तसं करत आले होते. पण वॉर्डातली चाळीस माणसं डोळ्यांसमोर पडून होती. फोनमधली माणसं वर सरकत जात आणि दिसेनाशी होत.

मग तो शुक्रवार आला.

मंगळवारी एका शिक्षिकेने इन्स्टाग्रामवर विचारलं होतं : वडिलांना शुक्रवारी घरी आणतोय, मशीन मिळेल का? खाटवाल्यांनी होकार दिला. बुधवारी एका ट्रक ड्रायव्हरने व्हॉट्सअॅपवर विचारलं : बायकोसाठी मशीन हवंय, शुक्रवारपासून. त्यालाही होकार दिला. दोघांना दोन मशिनं, हिशेब बरोबर. फक्त गुरुवारी, ज्यांच्याकडचं एक मशीन त्याच दिवशी परत यायचं होतं त्या घराने फेसबुकवर लिहिलं, "अजून आठ दिवस ठेवू का?" आणि खाटवाले भाजी निवडता निवडता "ठेवा की" असं टाकून मोकळे झाले. आपण तिसरा होकार दिलाय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

शुक्रवारी ड्रायव्हर सकाळी नऊला स्वतः येऊन मशीन घेऊन गेला. अकराला शिक्षिकेचा फोन आला. "काका, निघालात ना? अॅम्ब्युलन्स दारात उभी आहे. आतला सिलिंडर तासाभराचाच आहे म्हणतायत."

खाटवाले गाळ्याच्या मधोमध उभे राहिले. मशिनं ठेवायची जागा रिकामी होती. त्यांनी आठ दिवस मागणाऱ्या घरी फोन लावला. तिथला म्हातारा मशीनची नळी लावूनच झोपला होता. शहरातल्या दुसऱ्या दोन दुकानांना विचारलं, तिथेही नव्हतं. पाऊण तासाने शिक्षिकेच्या वडिलांना दारातूनच परत दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ते तिथेच गेले.

तिचा मेसेज आला. शिव्या नव्हत्या. "बाबांना फक्त त्यांच्या खोलीत यायचं होतं. जिन्यापर्यंत आले होते." एवढंच.

खाटवाले तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं, आत बोलावलं नाही. "तुम्ही मंगळवारीच नाही म्हणाला असतात, तर मी कुठून तरी आणलं असतं," ती म्हणाली. "मला तीन दिवस होते, काका." त्यांना हात जोडायचे होते, पण ते जोडणंही निर्लज्जपणाचं वाटलं. आल्या पावली परतले आणि दोन दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सून त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिने फोनवरच एक शीट तयार केली होती. "भारी काही नाही, बाबा. वहीसारखीच आहे, फक्त दोघांच्या फोनवर एकच दिसते."

आधी तिने प्रत्येक वस्तूला नंबर दिले. मशीन एक, मशीन दोन, खाट एक ते चार. खाटवाल्यांनी लाल रंगाने ते वस्तूंवर रंगवले. शीटमध्ये एका मागणीला एक ओळ : कोणती वस्तू, कोणासाठी, पत्ता, फोन, मेसेज कुठे आलाय, कधीपासून, कधीपर्यंत. शेवटच्या रकान्यात "विचारलंय", "पक्कं", "पोचवलं", "परत" यांपैकी एक. कधीपर्यंतच्या पुढचा एक दिवस धुण्यापुसण्याचा. मशीनची हवा गाळणारी जाळी धुवायची, नळी नवी घालायची, त्या दिवशी वस्तू कोणालाच द्यायची नाही. एकाच नंबरच्या दोन ओळींच्या तारखा एकमेकींवर चढल्या, की दोन्ही ओळी तांबड्या होत.

"आणि नियम एकच," सून म्हणाली. "आधी शीट, मग होकार. ओळ लिहायची, तांबडी होत नाही ना बघायचं, मगच उत्तर. मुदत वाढवायची म्हटली तरी तेच. आधी त्याच ओळीतली तारीख बदलायची."

"आणि तोवर त्या माणसाने काय करायचं?"

"दोन मिनिटं थांबेल, बाबा. जगबुडी नाही होत."

खाटवाल्यांची बोटं जाडी. कधी खाटेच्या जागी खुर्ची पडे, कधी जूनचा जुलै होई. पण महिनाभरात हात बसला. रोज सकाळी चहाच्या आधी ते आजच्या तारखेच्या ओळी काढून बघत. आज काय पोचवायचं, काय आणायचं. अडीच महिने एकही फेरी चुकली नाही. एक वस्तू दोघांना सांगितली गेली नाही. बायको म्हणाली, "माझ्या वाढदिवसाचीपण एक ओळ टाका त्यात. तीस वर्षांत एकदा तरी जमेल." ते हसले. पण आत काहीतरी बोचत होतंच. पूर्वी सामान परत आलं, की ते घर डोक्यातून पुसलं जाई. आता ओळ राहत होती. शेवटच्या रकान्यात "परत" लिहिताना त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असे, की माणूस बरा होऊन सामान परत आलेलं नाही.

मशीन दोन अजून ड्रायव्हरकडेच होतं. त्याच्या बायकोची मुदत दोनदा वाढली होती. शेवटच्या वेळी तो म्हणाला होता, "डॉक्टर म्हणतात रविवारनंतर लागणार नाही." तसं लिहिलं. सोमवार धुण्याचा. मंगळवारपासून तेच मशीन एका निवृत्त पोस्टमनला पक्कं झालं, त्याच्या बहिणीसाठी. दोघं भावंडंच एकमेकांना होती. मशीन एक महिनाअखेरपर्यंत दुसऱ्याच घरी होतं.

गुरुवारी सकाळी ड्रायव्हरचा मेसेज आला. "काका, रविवारचं काही खरं नाही. अजून महिनाभर लागेल."

खाटवाल्यांनी तारीख बदलली. दोन्ही ओळी तांबड्या झाल्या.

त्यांनी तारीख पुन्हा तपासली. मग सुनेला हाक मारली. तिने येऊन दोन्ही ओळी बघितल्या.

"काय करायचं, पोरी?"

"शब्द तर पोस्टमन काकांना दिलाय."

"शब्द दिलाय. पण म्हणून काय तिच्या नाकातली नळी काढून आणू?"

शीटमध्ये याचा रकाना नव्हता. शेवटी ड्रायव्हरला "ठेवा" कळवलं आणि लगेच पोस्टमनला फोन केला. काहीही लपवलं नाही.

"आज गुरुवार," पोस्टमन म्हणाला. "पाच दिवस आहेत. शोधू."

दोघांनी शोधलं. खाटवाल्यांनी माहीत होते तेवढे नंबर फिरवले, शेजारच्या दोन शहरांतलेसुद्धा. एकाकडे मशीन होतं, पण बंद पडलेलं. एकाने महिन्याने विचारा म्हटलं. शुक्रवारी पोस्टमन स्वतः गाळ्यावर आला. रिकाम्या खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "मला ते दाखवा, तुम्ही ज्यात लिहिता ते."

खाटवाल्यांनी फोन त्याच्या हातात दिला. पोस्टमनने पत्ता वाचावा तशा सगळ्या ओळी वाचल्या. बोट तांबड्या ओळींवर थांबलं.

"ही आमची?"

"हो."

"आणि वरची ज्यांची, त्या किती वर्षांच्या?"

"चौतीस."

पोस्टमनने फोन परत दिला. "चोख ठेवलंय सगळं," तो म्हणाला. "तुमची काही चूक नाही." खाटवाल्यांना वाटलं, याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शीट बरोबर होती. मशिनं दोनच होती.

मंगळवार आला आणि गेला. बहीण दवाखान्यातच राहिली.

पुढच्या शनिवारी दुपारी ड्रायव्हर मशीन घेऊन गाळ्याच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. वायर त्याने नीट गुंडाळून बांधली होती. "काल सकाळी," एवढंच तो म्हणाला. खाटवाल्यांनी मशीन उचलून घेतलं. त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि गेला.

खाटवाल्यांनी ताबडतोब पोस्टमनला फोन लावला. "मशीन मोकळं झालंय. परवा सकाळी स्वतः आणून लावतो."

"नको आता," पोस्टमन म्हणाला. "बुधवारी तिच्या घशात नळी घातली. आता मोठ्या मशीनवर आहे. घरी न्यायचं डॉक्टर बोलतच नाहीत." मग म्हणाला, "पण तुम्ही फोन केलात. बरं वाटलं."

खाटवाल्यांनी रविवारी जाळी धुतली, उन्हात वाळवली, नवी नळी काढून ठेवली. "विचारलंय" लिहिलेल्या ओळी तोवर सात झाल्या होत्या. सगळ्यात वरची ओळ एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती, सासूसाठी. तिची ओळ पक्की केली, बाकीच्या सहा जणांना एकेक करून "नाही, सध्या नाही, दुसरीकडे बघा" असं कळवलं. दोघांनी उलट लिहिलं, "काहीही करा, पण द्या." त्यांनाही तेच कळवलं. पूर्वी त्यांनी यातल्या प्रत्येकाला बघतो म्हटलं असतं.

सोमवारी दहाला ते तिच्या घरी पोचले. दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीकडे तोंड करून पडलेली सासू. दवाखान्याची गाडी नुकतीच गेली होती. दिलेला छोटा सिलिंडर उशाशी होता. खाटवाल्यांनी मशीन लावलं, त्याच्या बाटलीत पाणी भरलं, नळी म्हातारीच्या नाकाशी अडकवली. घुंई घुंई सुरू झाली.

"कधीपर्यंत लिहू?" त्यांनी फोन काढत विचारलं.

शिंपीण सासूकडे बघत राहिली. "आता ते मी काय सांगू, काका?"

काहीतरी लिहिणं भाग होतं. त्यांनी महिन्याची तारीख टाकली, "पोचवलं" केलं आणि वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून ती भिंतीच्या कडेने सरळ लावत खाली बसले. गुडघे दुखत होते. उठताना शिंपिणीने हात दिला.