बाजूला ठेवलेला रिपोर्ट

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणतात. अठरा वर्षं रक्त-लघवी तपासण्यात गेली. बेचाळिसाव्या वर्षी मुलीच्या पुस्तकांवरून प्रोग्रामिंग शिकल्या आणि पेशंटच्या तपासण्यांचे रिपोर्ट तयार करणारी सिस्टीम सांभाळणाऱ्या आमच्या टीममध्ये आल्या. वयाचा विषय निघाला की म्हणायच्या, "केस पिकले, डोकं नाही."

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रिपोर्ट निघायचे थांबले. आमच्याकडे रिपोर्टची कामं रांगेत येतात आणि चार वर्कर प्रोग्राम ती उचलतात. एका कामाने पहिला वर्कर कोसळला. पूर्ण न झालेलं काम रांगेच्या तोंडाशी परत आलं, दुसऱ्याने उचललं, तोही कोसळला. चौघेही उठत होते आणि पडत होते. मागे दोन हजार रिपोर्ट अडकले होते.

"चूक सापडली की काम बाजूला ठेवायची सोय मी केली आहे," मी म्हणालो. तो कोड मीच लिहिला होता.

"पण वर्करची मेमरी संपते आणि सिस्टीम त्याला जागीच मारते," काकू म्हणाल्या. "तुझ्या त्या ओळीपर्यंत पोचायला तो जिवंत कुठे असतो? मेलेला तक्रार नोंदवेल कशी?"

साहेब घाईत होते. "ते एक काम उडवून टाका."

"साहेब, तो कुणाचा तरी रिपोर्ट आहे."

काम बाजूला ठेवायचा निर्णय काकूंनी वर्करकडून काढून रांगेकडेच दिला. काम किती वेळा दिलं गेलं हे रांग स्वतः मोजणार. तीनदा देऊनही पूर्ण झालं नाही, तर ते वेगळ्या रांगेत जाणार. मी लगेच सुरू करायला निघालो, तेव्हा त्यांनी हात धरला. आमचा वर्कर एकदम दहा कामं हातात घ्यायचा. तो पडला की उरलेल्या नऊ निरपराध कामांच्या नावावरही एक फसलेली खेप चढली असती. सुक्याबरोबर ओलंही जळलं असतं. म्हणून आधी एका वेळी एकच काम, असं केलं.

तीन वर्कर एकामागून एक पडले. मग ते काम बाजूला गेलं आणि रांग वाहू लागली. तासाभरात दोन हजार रिपोर्ट निघाले.

सगळे चहाला गेले. काकू मात्र बाजूला पडलेलं काम वेगळ्या मशीनवर उघडून बसल्या. त्यातल्या पेशींच्या फोटोची रुंदी नव्या कॅमेऱ्याने चुकून लाखो पिक्सेल नोंदवली होती. तेवढं चित्र उलगडायला जाताच मेमरी संपत होती. त्यांनी मोजमाप दुरुस्त केलं, वर्करमध्ये रुंदीची मर्यादा घातली आणि काम पुन्हा रांगेत सोडलं. या वेळी ते पहिल्याच खेपेला पूर्ण झालं.

रिपोर्टवर तातडीचा शेरा होता. काकूंनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला.

"बरं झालं कळवलंत," डॉक्टर म्हणाले. "पेशंट समोरच बसलाय. आजच दाखल करून घेतो."

फोन ठेवून काकूंनी मला शेजारी बसवलं. वेगळ्या रांगेत एकही काम पडलं तर आमच्यापैकी एकाला लगेच निरोप जावा, एवढी सोय माझ्याकडून लिहून घेतली, आणि मगच त्या जेवायला उठल्या.