मेढीची सावली

भर दुपारी अंगणात जाऊन स्वतःच्या पायांकडे बघायची मला एक वाईट खोड आहे. घरातले हसतात, म्हणतात म्हातारीला ऊन लागलंय. हसू देत. मी कशाला बघते ते त्यांना एकदा सांगून टाकावं, म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन मी रानातल्या कुंभारवाडा गावी गेले तेव्हा यजमान लाकडाच्या डेपोत कारकून होते. मी पुण्यात शिकलेली, आणि ते गावाने विसरू नये याची मी पुरेपूर काळजी घेत असे. क्वार्टरच्या पडवीत सहा मुलींची शिकवणी चालवायची. वाचन, हिशोब, थोडा भूगोल. सहावी मुलगी अर्ध्या कोसावरच्या वाडीतून रानातली वाट तुडवत यायची. वय दहा-अकरा. भातशेती करणाऱ्या घरातली. ती बोलायची इतकी कमी, की हजेरीला सुद्धा नुसती मान हलवायची. मला वाटे, हिच्या डोक्यात फारसं काही शिरत नसावं. मी त्या काळी माणसांबद्दल फार लवकर मत बनवत असे.

चैत्राच्या शेवटी मी परीक्षा घेतली. दहा प्रश्न, आणि तपासायला यजमानांच्या दौतीतली लाल शाई. सातवा प्रश्न होता, 'भर दुपारी आपली सावली कोणत्या दिशेला पडते?' पुस्तकातलं उत्तर सरळ होतं: उत्तरेला, नेहमी. पाच जणींनी तेच लिहिलं. त्या मुलीने लिहिलं, 'पुष्कळ दिवस उत्तरेला. वैशाखात एक दिवस पडत नाही. मग दक्षिणेला पडते.'

मला हसू आलं आणि रागही आला. मी फुली मारली, आणि फुलीवर भागलं नाही म्हणून शेजारी लाल अक्षरात लिहिलं, 'खोटे.' 'चूक' लिहिलं असतं तरी चाललं असतं.

कागद परत देताना ते उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं. पोरी खिदळल्या. मलाही चेव आला आणि मी म्हणाले, सावली सगळ्यांना असते, नसते ती फक्त भुताला. मुली आणखी हसल्या. ती हसली नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

बाकीच्या गेल्यावर ती पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली. अगदी हळू आवाजात तिने विचारलं.

"बाई, त्या दिशी मेढीची सावली बी न्हवती. मग मेढ बी भूत झाली व्हती काय?"

मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याच्याभोवती बैल फिरवून मळणी करतात. कोणती मेढ, मी विचारलं. आमच्या खळ्यातली, ती म्हणाली. पुढे तिला बोलायचं होतं, पण मी घरी जायला सांगितलं. मला उत्तर येत नव्हतं हे तिला कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याऐवजी तिचा बाप आला. पायरीखालीच उभा राहिला आणि म्हणाला, पोरगी आता यायची नाही. मी कारण विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

गेल्या वैशाखात मुलगी वाळवण राखायला खळ्यात बसली होती. दुपारी धावत घरात आली आणि म्हणाली, मेढीची सावली गेली, माझी पण गेली. घरात तिची विधवा आत्या होती, घर तीच चालवायची. तिने पोरीला गप्प केलं. त्यानंतर पावसाळ्यात पोरीच्या पाठचं पाळण्यातलं बाळ तापाने गेलं. आत्याने दोन्ही गोष्टी जोडल्या. भर दुपारी पोरीला काहीतरी लागलं, आणि त्यानेच बाळ नेलं. तेव्हापासून त्या घरात पोरीच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नव्हतं. तरी बापाच्या मनात आत्याच्या म्हणण्याबद्दल शंका होती, म्हणून तर तो तिला शिकायला पाठवत होता. आता शिकवणीतल्या एका मुलीने वाडीवर येऊन माझा लाल शब्द वाचून दाखवला, वर माझा भुताचा विनोदही सांगितला. शिकलेल्या बाईच म्हणाल्या म्हटल्यावर आत्याचं बोलणं खरं ठरलं. भूत उतरवायला घाडी बोलावायचा, आणि मग पोरीला नंदिगड्ड्याकडे रानातल्या एका नातेवाइकाच्या गोठ्यावर कायमची ठेवायची असं ठरलं होतं.

"तुमी लिवलंय न्हवं, अक्का," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

त्याने पायरीवर ठेवलेला पोरीचा कागद मी तो गेल्यावर पुन्हा उघडला. खरं सांगते, मला माझी चूक शोधायची नव्हती, माझं बरोबर होतं हे बघायचं होतं. सातव्या उत्तरावरून नजर वर गेली ती चौथ्यावर थांबली. प्रश्न, 'सूर्य उत्तरेकडे कुठवर जातो?' मुलीचं उत्तर, 'कर्कवृत्तापर्यंत.' त्यापुढे माझ्याच हाताने दिलेले पूर्ण गुण होते.

मी नकाशा उघडला. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, आणि आमचं रान पंधरा अंशांच्या जरा वर. म्हणजे सूर्य कर्कवृत्ताकडे निघाला की आमच्या डोक्यावरूनच पुढे जाणार. तो दक्षिणेला आहे तोवर सावली उत्तरेला. बरोबर माथ्यावर आला की सावली खांबाच्या बुडाशीच. आणि पलीकडे उत्तरेला गेला की सावली दक्षिणेला. पुस्तकातला नियम कर्कवृत्ताच्या वर राहणाऱ्यांसाठी खरा होता, आणि ज्याने तो लिहिला तो आमच्याकडे कधी आला नसावा. परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा माथ्यावर येतो खरा, पण ते श्रावणाच्या सुमाराला, तेव्हा ढगांतून सूर्य दिसेल तर शपथ. राहिले वैशाखातले थोडे दिवस. त्या दिवसांत भर दुपारी रानात किंवा खळ्यात कुणी पाऊल टाकत नाही, ती वेळच वाईट मानतात. म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. एका मुलीने पाहिलं, आणि मी तिला खोटारडी ठरवलं. चौथ्याला गुण देणारी आणि सातव्याला फुली मारणारी मीच, एकाच दौतीतून. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी यजमानांचं घड्याळ घेऊन वाडीवर गेले. खळं घरामागे होतं, तिन्ही बाजूंनी रान. मुलगी कोकमाच्या वाळत घातलेल्या सोलांपाशी एकटीच बसली होती. मधोमध पुरुषभर उंचीची मेढ, आणि मेढीच्या उत्तरेला जमिनीवर खड्यांची एक सरळ ओळ. लांबचे खडे धुळीने मळलेले, जवळचे ताजे. ती शिमग्यापासून रोज दुपारी, सावली सगळ्यांत आखूड झाली की तिच्या टोकाला एक खडा ठेवत होती. ओळ दिवसाला अर्धं बोट याप्रमाणे मेढीकडे सरकत आली होती. शेवटचा खडा चार बोटांवर होता. काहीतरी मुक्याने, न चुकता, रोज थोडं थोडं त्या खांबाकडे चाललं होतं.

कशाला ठेवतेस, मी विचारलं. ती म्हणाली, कोणत्या दिवशी येतं ते बघायला. म्हणजे त्या दिवशी घरातल्यांपासून लांब राहता येईल. मी तिथेच धुळीत नकाशा काढून तिला समजावलं, की हे दरसाल होतं, सगळ्यांचंच होतं, ती जन्मायच्या आधीपासून.

चार बोटं, म्हणजे आठ दिवस. मी आत्याकडे गेले. चूक माझी होती, पोरीची नव्हती, असं तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही आणि मी तिला दोष देत नाही. कागदावरचा शब्द तिच्या कानापर्यंत गेला होता, तो तोंडच्या शब्दाने कसा निघणार? मी बापाकडून एवढंच कबूल करून घेतलं की घाडी आठ दिवस थांबेल, आणि आठव्या दिवशी भर दुपारी घरातली सगळी खळ्यात येतील. आत्या म्हणाली, येते, पण काही बरंवाईट झालं तर तुमच्या माथी.

आठव्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. पान हलत नव्हतं. आत्या, बाप, आई आणि मी मेढीभोवती उभे राहिलो. मुलगी लांब कडेला. मी ओळंबा लावून मेढ सरळ आहे याची खात्री केली आणि घड्याळ हातात धरलं. बारा वाजले. मेढीला सावली होती. चांगली वीतभर, पश्चिमेकडे पडलेली.

आत्याने माझ्याकडे बघितलं. आई रडायला लागली. दुसऱ्यांदा मीच त्या पोरीला बुडवत होते.

"बाई, आजून न्हाई," खळ्याच्या कडेहून मुलगी हळूच म्हणाली. "घटकाभर थांबा."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घड्याळात रेल्वेची वेळ होती, पूर्वेकडच्या मुलखाच्या हिशोबाने लावलेली. आमच्या खळ्यावर सूर्य माथ्यावर यायला अजून अर्धा तास होता. मी घड्याळ पदराखाली झाकून टाकलं.

आम्ही उभेच राहिलो. सावली डोळ्यांदेखत मेढीकडे ओढली जात होती. वीत होती ती चार बोटं झाली, मग दोन, मग नखाएवढी. रानात किर्र करणारे किडे होते, त्यांचाही आवाज मला ऐकू येईनासा झाला. मग मेढीच्या बुडाशी काहीच उरलं नाही. भोवतालच्या उन्हात तो खांब असा दिसत होता की हात लावला तर आरपार जाईल. सोलांच्या सुपाचं तसंच. मी आत्याकडे पाहिलं. ती पांढऱ्या लुगड्यात, पायाखाली एक पुसटसा डाग सोडला तर तिचं जमिनीवर काही नव्हतं. आईचं नव्हतं, बापाचं नव्हतं, माझं नव्हतं. मला सगळं कारण ठाऊक होतं, नकाशा पाठ होता, तरी मी भ्याले. आम्ही सगळीच गेलेली माणसं आहोत आणि कुणी आम्हाला सांगायचं विसरलंय, असं वाटलं.

आत्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. एक पाय उचलून तिने पुन्हा ठेवला.

"ह्ये दरसाल हुतंय?" तिने विचारलं. मला नाही, पोरीला.

"व्हय आत्ती. दरसाल."

"बाळ यायच्या आदी बी?"

"आदी बी."

आत्या मटकन खळ्यातच बसली. डोळे पुसले नाहीत. मी पिशवीतून तो कागद काढला, 'खोटे'वर रेघ मारली आणि सगळ्यांसमोर गुण लिहिले. लाल शब्द रेघेखालून तसाच वाचता येत होता. शाई शाईने पुसत नाही. कुणी तिकडे बघतही नव्हतं.

मेढीच्या पूर्वेला केसाएवढी सावली पुन्हा दिसू लागली तेव्हा आत्याने मान वर केली.

"जा," ती पोरीला म्हणाली, "घागरीतनं पानी आन मला."

पोरगी जागची हलेना. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आईने खूण केली तशी ती धावली, आणि परत आली तेव्हा तांब्या तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. धावत येताना निम्मं पाणी खळ्यात सांडलं होतं. राहिलेलं आत्या घटाघटा प्यायली.