शेजारची जागा

दुष्काळाच्या त्या वर्षी, सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी सकाळी, एका माणसावर अन्याय होत होता आणि त्याच्या घरचे त्या अन्यायाला लग्न म्हणत होते.

नेकनूरजवळ सोसायटीच्या चारा छावणीत तो कडबा तोलायचा. मी तिथं आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होतो. ‘समलिंगी असणं पाप नाही’ ही ओळ वाचून त्यानं पत्रक घडी करून टोपीत ठेवलं. काट्याकडं बघतच म्हणाला, “दादा, मी तसाच हाय. घरी सगळे माळकरी. उद्या सुपारी फुटली की त्या पोरीचंबी वाटोळं. आजच सांगावं लागंल.”

“वडील मारतील?”

“आबा? मारू द्या की. पण हरिपाठाला शेजारी बसू न्हाई दिलं तर?”

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. त्यानं सांगितलं होतं. पाहुण्यांना नकार गेला होता.

“आबा काय म्हणाले?”

“कायबी न्हाई. बोलतच न्हाईत. पण काल सांजच्याला हरिपाठाआधी माझा टाळ त्यांनीच त्यांच्या शेजारी, माझ्या जागेवर मांडला.” सांगताना त्यानं समोर चारा न्यायला आलेल्या म्हातारीला दोन पेंढ्या जास्तच टाकल्या.

मला आनंद झाला, आणि रागही आला. माणसानं आपल्या घरात टाळावरून अंदाज का बांधावा? तुमच्या पोराला अंदाज बांधायला लावू नका. आज हरिपाठाआधी तोंडानं सांगा: तू आमचाच आहेस, शेजारी बस.