घरनंबर मागणारं अ‍ॅप

सुनेला काजूचा कारखाना सोडायचा होता. नवीन अ‍ॅप वापरून पाहायचं, चूक सापडली की कळवायची आणि पैसे घ्यायचे, असं काम तिला मोबाइलवर मिळालं होतं. तिने कळवलेल्या पहिल्या दोन चुका आधीच कोणीतरी कळवल्या होत्या, म्हणून पैसे नाहीत. मी मासेमारीची जाळी सांधते; जाळ्याचं भोक दोघींना दिसलं तर मजुरी एकीलाच का, हे मला कळेना.

मग किराणा मागवायचं एक नवीन अ‍ॅप उघडून तिने फोन माझ्याकडे दिला. "आई, साखर मागवा बघू."

मी पत्ता लिहिला, 'देवळामागे, विहिरीजवळ'. अ‍ॅप घरनंबर मागत अडून बसलं. तो घरपट्टीच्या पावतीवर असतो, पाठ कोणाला असतो?

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुमचं नाही, त्याचं."

तिने काय काय दाबलं ते क्रमाने लिहिलं, फोन कुठला ते लिहिलं, स्क्रीनचा फोटो जोडला. चूक मान्य झाली. पैसे अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून कमी आले, आणि पुढे दोन आठवडे कामच आलं नाही.

"नवीन माणसाला असंच असतं म्हणे," ती म्हणाली.

"मग कारखाना?"

"उद्या जाते. हे रविवारी करीन."

याला काम मिळालं म्हणायचं की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.