अठ्ठावीसची कंबर

शिवणाऱ्या बाईला स्वतःचं माप घेता येत नाही. छाती, कंबर, सीट कशीबशी घेता येते. पण दोन खांद्यांच्या मधली पाठ? तिथं दुसऱ्याचाच हात लागतो. टेप मागे धरायला कोणी नसलं, की जुनं पोलकं उसवायचं, कापडावर ठेवायचं आणि खडू फिरवायचा. माझी सगळी पोलकी अशीच, एकावरून दुसरं. पहिलं आईनं शिवलं होतं, आमच्या गावी हिंगणीला. त्यात ती जी चूक करून गेली ती मी पुढं वर्षानुवर्षं अंगावर वागवली.

मी बोरगाव मेघेला खोली करून राहत होते आणि वर्ध्याला एका शिवण केंद्रात कटिंग करत होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, ते लपवण्यासारखं नाही. मी काडी होते. पाहायला आलेली माणसं पोहे खाऊन जायची आणि निरोप यायचा, 'पोरगी हाडं-हाडं आहे, शेतात कशी टिकणार.' एका बाईनं तर तोंडावर विचारलं, "हिले जेवाले घालता का नाई?" आई घालत होती हो. अंगी लागत नव्हतं, त्याला ती काय करणार? पुढं पाहुणे येणं थांबलं, आई गेली, भावाचा संसार झाला. मी शिवणाचा डिप्लोमा केला आणि गाव सोडलं.

एकटेपण म्हणजे काय ते मला संध्याकाळी कळायचं. केंद्र बंद झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. कधी कधी मी मुद्दाम स्टोव्हवर ओरडायचे, 'पेट की मेल्या', तेवढंच बोलणं. म्हणून केंद्र माझं सर्वस्व होतं. पगारासाठी नव्हे, माणसांच्या आवाजासाठी. आणि तेच केंद्र बंद व्हायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. चालवणारी संस्था म्हणत होती, की कापडी पिशव्या आणि परकर शिवून भागत नाही, मोठं काम आणा, नाहीतर मशिनी गुंडाळा.

मोठं काम आलं ते एका नर्सिंग शाळेकडून. विद्यार्थिनींचे पांढरे फ्रॉक, कमरेला बसते, पुढे बटणं, खाली सरळ. तिथल्या मेट्रन बाई कडक. त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "प्रत्येक साइजचा एकेक नमुना शिवा. मी येऊन अंगावर घातलेला पाहीन. हँगरवरचा मला चालत नाही." साइज अठ्ठावीसपासून चाळीसपर्यंत, छातीच्या मापाने. नमुने पसंत पडले तर दरवर्षीचं काम आमचं.

आमच्या मुख्य बाई पुण्याकडच्या, नीटनेटक्या आणि मनानं चांगल्या. चौतीसचं कटिंग आम्ही दोघींनी मिळून पक्कं केलं. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, सीट सदतीस. त्यावरून बाकीचे साइज काढायचे. दर साइजला दोन इंच वाढ. कागदावर अंगाचा चौथा भाग असतो, म्हणून तिथं अर्धा इंच, म्हणजे चार सूत. हे चार सूत बाजूच्या शिलाईत एकदम ओतायचे नसतात. मोठ्या साइजला तसं केलं तर खांदे आखूड राहतात आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, काखेत काचतो. लहान साइजला सगळं बाजूनं छाटलं तर खांदा दंडावर ओघळतो आणि छातीचा टक, म्हणजे कापडाला आकार देणारी शिवलेली चिमट, काखेकडं जातो. म्हणून आम्ही गळ्याला अर्धा सूत, खांद्याला एक सूत आणि उरलेले अडीच बाजूकडं असं वाटून घेतलं. टकाचं टोक एक सूत सरकवलं, मुंढा दोन सूत खोल केला. उतरताना हेच सगळं उलटं.

इथवर भांडण नव्हतं. भांडण होतं कमरेचं. बाईंच्या मापांच्या तक्त्यात छाती, कंबर, सीट तिन्हीकडं सारखेच दोन इंच. वर जा नाहीतर खाली या, दोनच.

चाळीसचा नमुना घालायला आमच्याकडं एक शिवणारी होती, सगळ्या तिला पिपरीची वहिनी म्हणायच्या. पिपरी मेघेच्या भाजीवाल्या माळ्यांच्या घरातली, सकाळी बाजारात वांगी देऊन मग मशीनवर बसणारी. आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची. तिनं मांजरपाटाचा फ्रॉक घातला. खांदे बसले, छाती बसली, सीटसुद्धा बसली. कमरेची बटणं मात्र काही लागेनात. तिनं श्वास आत ओढला, आम्ही दोघींनी लावलं, आणि ती हसली तशी दोन बटणं तुटून खिडकीखाली गेली.

"पाह्यलं का," ती म्हणाली, "चार लेकरं झाली ना मले. ती का तक्ता पाहून झाली?"

सगळ्या हसल्या, बाईसुद्धा. तक्त्याप्रमाणे चाळीसची कंबर चौतीस येत होती, वहिनीची छत्तीस होती. बाईंनी मान्य केलं, की पोट सुटलं की कंबर छातीच्या पुढं धावते. छत्तीसच्या पुढच्या दोन साइजना आम्ही कमरेला दोनाऐवजी तीन इंच दिले. चाळीसला कागदावर अर्धा इंच वाढवायचा, तर कमरेचा टक निम्मा करून तीन सूत त्यातून काढले आणि एक सूत बाजूनं. फ्रॉक मस्त बसला. वहिनी आरशापुढं दोनदा फिरली.

मग बाई म्हणाल्या, "खालच्या साइजचं काही नाही. बारीक मुली, तक्त्याप्रमाणे कापा."

मी कागदाकडं बघत राहिले. चौतीसवरून तीन साइज खाली, म्हणजे सहा इंच कमी. छाती अठ्ठावीस, कंबर बावीस, सीट एकतीस. बावीस! चित्रातल्या बाईची असेल. खेड्यातून आलेली सतरा-अठरा वर्षांची काटकुळी पोर अशी नसते. ती वरून खालपर्यंत सरळ असते. तिला पोट नसतं तशी बारीक कंबरही नसते. हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. मी रोज आंघोळ करताना ते पाहत होते.

पण सांगायचं कसं? बत्तीस, छत्तीस, अडतीसच्या बाया केंद्रात मिळाल्या. तीसला एकीची बहीण आली. अठ्ठावीसला कोणी नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मी कोणाला कळू दिलं नव्हतं. मी ढगळ पोलकी घालायचे, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचे. आमच्याकडं माप घेताना एक बाई टेप धरून मोठ्यानं पुकारते आणि दुसरी लिहिते. पुकारलं की सगळ्या हॉलला कळतं. सगळ्यांची मापं मी पुकारली होती. माझी कोणी पुकारावीत ही कल्पनाही सोसवत नव्हती. पुन्हा चार बायकांपुढं उभं राहायचं, पुन्हा मेट्रन बाई वरून खाली पाहणार. एवढ्यासाठी तर मी गाव सोडलं होतं.

गप्प राहिले असते तर कोणी मला दोष दिला नसता. मेट्रन बाईंनी कुणातरी पोरीला तो फ्रॉक चढवून पाहिला असता, बटणं लागली नसती, काम गेलं असतं, मशिनी गुंडाळल्या असत्या. आणि मी खोलीत स्टोव्हशी बोलत बसले असते. त्याची मला खरंच भीती वाटली. दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त.

"बाई, बावीस होणार नाही," मी म्हटलं. "चोवीस लागेल."

"कशावरून?"

"मी अठ्ठावीस आहे."

मशिनी थांबल्या. मेल्या एरवी कधी थांबत नाहीत. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग पटकन दुसरीकडं. तेवढ्यात वहिनी उठली आणि माझ्या गळ्यातला टेप तिनं काढून घेतला.

"चाल वं ताई, आत चाल. इथं काऊन उभी राह्यली?"

कापड ठेवायच्या खोलीत तिनं दार लोटलं. मी पदर काढला. ती हसली नाही, हळहळलीही नाही. हळहळली असती तर मी तिला तिथंच फटकारलं असतं. तिनं टेप घातला आणि पुकारलं नाही. कानाशी तोंड आणून हळू सांगितलं, "अठ्ठावीस." मी लिहिलं. "चोवीस." मी लिहिलं. "एकतीस, बरोबर." मग ती मागं गेली आणि पाठीवर टेप ठेवून तळहात सपाट फिरवला, कापडाची सुरकुती काढतात तसा. तिचे हात भाजीच्या जुड्या बांधून खरखरीत झालेले. तिथं आईनंतर कोणाचा हात लागला नव्हता. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि आकडा काय सांगितला ते मला ऐकूच आलं नाही.

"पुन्हा सांगू?" ती म्हणाली. "साडेबारा. आता पाह्य, मायं पोट आन तुयं हाडूक, दोघीची कंबर तक्त्यात बसत नाई. दुखणं एकच हाये आपलं."

शेवटच्या दोन साइजना आम्ही कमरेला दोनाऐवजी एकच इंच उतरवला. तीसला पंचवीस, अठ्ठावीसला चोवीस. टक तसाच निम्मा, एक सूत तसाच बाजूनं. गंमत बघा, दोन टोकांना औषध एकच निघालं.

मेट्रन बाई आल्या. मी फ्रॉक घालून उभी राहिले. त्यांनी बटणं लावून पाहिली, हात वर करायला लावले, वाकायला लावलं. माझ्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही, कमरेची शिलाई पाहिली. म्हणाल्या, "हा ठीक आहे." एवढंच. मला कोणी पसंत केलं ते आयुष्यात तेवढंच.

काम मिळालं. केंद्र आणखी बरीच वर्षं चाललं. रस्त्यानं जाताना अठ्ठावीसचा फ्रॉक घातलेली पोर दिसली की मी मागून तिच्या कमरेचे टक बघत जायचे. ऐंशीचं दशक संपता संपता तयार कपडे स्वस्तात यायला लागले आणि मशिनी गुंडाळल्याच. त्याआधीच एका उन्हाळ्यात वहिनी गेली. तापाचं निमित्त झालं. तिच्या घरी मी गेले होते. तिच्या सुनेनं मला विचारलं, "तुमी कोण?" मी म्हटलं, "केंद्रातली." त्यापलीकडं काय सांगणार होते?

वहिनीनं माप घेतलं त्याच वर्षी मी त्यावर पोलकं शिवलं होतं, आयुष्यातलं पहिलं बरोबर बसलेलं. आजही त्याच मापानं शिवते. आता पाठ वाकली आहे, साडेबारा राहिली नसणार, मागे कापडाला झोळ पडतो. खरी किती आहे ते मला माहीत नाही. टेप धरायला मागे कोणी नाही.