तक्रारीच्या चौकोनात लिहिलेलं कौतुक

या, अशा जवळ सरका. आणि तो फोन आधी खाली ठेवा बघू. गाडीतून उतरता उतरता, न बघता, अंगठ्यानं तारे दाबून मोकळे होता तुम्ही लोक. मी पाहिलंय. आता रागावतेय खरी, पण मला तरी कुठला अधिकार? मी तर चष्मा लावून, अर्धा तास बसून जे केलं, त्यानं एका भल्या माणसाची रोजी थांबली.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं लिहिणं मी लग्नानंतर शिकले, पोरांच्या वह्यांतून. हात वळायला लागला तसा एक नादच लागला, कुणी चांगलं वागलं की लिहून कळवायचं. बस डेपोत तक्रारवही दोरीनं बांधलेली असायची. मी तिच्यातच लिहायची की आजच्या कंडक्टरनं मला कडेवर मूल बघून जागा करून दिली. डेपोचे साहेब एकदा हसले, "बाई, ये तो शिकायत की किताब है." मी म्हटलं, "असू द्या की. तारीफची वही तुम्ही ठेवलीच नाही." त्यांनी कंडक्टरला बोलावून माझं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. तेव्हापासून मला वाटायचं, कुठंही लिहा, वाचणाऱ्याला कळतंच.

तर गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तपासणीला कुकटपल्लीला जायचं, म्हणजे आमच्या बरकतपुऱ्याहून शहराचं दुसरं टोक. ॲपवरून गाडी बोलावायला मी शिकले होते. परतीला जो ड्रायव्हर आला तो पन्नाशीचा, दाढी पांढरी होत आलेली. आधी छापखान्यात होता. तो बंद पडल्यावर हप्त्यावर गाडी घेतली. मी गप्प बसणारी नाही आणि त्यालाही बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"अम्मा, तुम्हारेकू कितना दिखा रा?" त्यानं विचारलं.

मी भाड्याचा आकडा सांगितला. तो हसला. "कल इसीच रस्ते के मेरेकू आज से जास्ती मिले. आज कम. काइकू, मालूम नई. पूछे तो बोलते, सिस्टम है."

ताऱ्यांचंही तसंच. कोण किती तारे देतं ते त्याला कळत नाही, नुसता सरासरीचा आकडा दिसतो. तो खाली घसरला की भाडी कमी येतात असं त्याला वाटायचं. वाटायचं म्हणते, कारण तसं स्पष्ट सांगितलं कुणीच नव्हतं.

मोठ्या रस्त्यावर खड्डे होते. माझा गुडघा बघून त्यानं गाडी आतल्या गल्ल्यांतून घातली. काचीगुड्याला मी औषधासाठी थांबायला सांगितलं, तर मला उतरू दिलं नाही, स्वतः जाऊन गोळ्या आणल्या. त्याचे पैसे मी हातात दिले. आणि घरी आल्यावर हाताला धरून दोन मजले चढवून दारापर्यंत आणलं. पाणीसुद्धा न घेता गेला.

मी पाच तारे दिले. पण पाच तारे म्हणजे काय हो? लिहायला जागा नको? शोधत शोधत मदतीच्या पानावर गेले, तिथं 'ड्रायव्हरविषयी' म्हणून होतं, ते दाबलं, आणखी एक-दोन दाबले, तेव्हा एक पांढरा चौकोन उघडला. मला आनंद झाला. मराठीतच लिहिलं, की यांनी नेहमीचा रस्ता सोडला, वाटेत थांबले, मी पैसे वेगळे हातात दिले, हाताला धरून मला घरात आणून सोडलं, असे ड्रायव्हर सगळ्यांना मिळोत. लगेच उत्तर आलं, इंग्रजीत. त्यातलं 'थँक यू' मी ओळखलं आणि समाधानानं झोपले.

सहा दिवसांनी काचीगुड्याला भाजी घ्यायला गेले तर इराणी हॉटेलच्या बाहेर तो बसलेला. सकाळचे अकरा, धंद्याची वेळ, आणि गाडी कडेला धूळ खात.

"अरे, बसलास का असा?"

त्यानं फोन पुढं केला. लाल पट्टी. ॲपवरचा आयडी बंद, म्हणजे भाडीच बंद; सुरक्षेची तक्रार, चौकशी चालू. कुणाची तक्रार, कसली, काही नाही. "छे दिन हो गए अम्मा. एक छोकरा एसी के वास्ते झगडा करा था, वोइच होंगा." मी आयडी बंद झाल्याची तारीख विचारली. माझ्याच दिवसाची. मी माझा फोन काढून ते इंग्रजी उत्तर त्याला दाखवलं. त्यानं हळूहळू वाचलं. लिहिलं होतं, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कारवाई केली आहे, हा ड्रायव्हर पुन्हा आपल्याला दिला जाणार नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मेरे से तकलीफ हुई तो मुंह पे बोल देना था ना अम्मा."

मी तिथंच फुटपाथवर त्याला माझं सगळं लिखाण हिंदीत करून वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाला, "इत्ता अच्छा लिखे... और डाले कहां!"

दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीतून आम्ही कंपनीच्या, ड्रायव्हर लोकांसाठीच्या कचेरीत गेलो, कुकटपल्लीकडे. टोकन, प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेमागं एक तरुण मुलगी. ती हिंदीत म्हणाली, "गिऱ्हाइकांनी इथं यायचं नसतं अम्मा, ॲपमधून लिहायचं."

"लिहिलं म्हणूनच आले गं बाई! तक्रार माझी. मी परत घेते."

तिनं कॉम्प्युटरवरचं पान वरखाली केलं. तिला एवढंच दिसत होतं, सुरक्षा, ड्रायव्हरची वागणूक. माझा मजकूर तिच्यासमोर नव्हताच. मी तिला एकेक ओळ हिंदीत सांगितली. तिचे डोळे ओले झाले. "मला पटतंय अम्मा. पण परत घ्यायचं बटण माझ्याकडे नाही. मी टीमला लिहिते."

"कोण टीम? कुठं बसतात?"

"आम्हालाही माहीत नाही."

मागच्या खुर्चीतला एकजण म्हणाला, "चाची, मेरी तारीफ मत लिखना हां!" सगळे हसले. माझा ड्रायव्हरही हसला. मला मात्र मान वर करवेना.

माझ्या मजकुरातल्या कुठल्या शब्दानं झालं, की नुसत्या चुकीच्या चौकोनानं, की कुणी वाचलंच नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. ॲपवर मी पुन्हा पुन्हा लिहिलं. दर वेळी तेच दिलगीर.

अकराव्या दिवशी सकाळी त्याचा आयडी आपोआप उघडला. चूक झाली म्हणून नाही, निर्दोष म्हणून नाही, नुसता उघडला. आठवड्याच्या फेऱ्यांवर मिळणारा बोनस बुडाला तो बुडालाच.

पण एक गोष्ट काही उघडली नाही. त्यानंतर एकदा तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याची वाट बघत होता. गच्चीतून मला त्याची गाडी दिसत होती. मी मुद्दाम ॲपवर बोलावलं. लांबून, रेल्वेच्या पलीकडून दुसरी गाडी निघाली. त्याच्या फोनवर मी आता नाहीच.

मी खाली जाऊन म्हटलं, "वर ये, चहा तरी घे."

"नाराज नई हूं अम्मा," तो गाडीतूनच म्हणाला. "पर अब किसी का हाथ पकडने को डर लगता." आणि फोन वाजला तसा निघून गेला.

त्या दिवसापासून मी जिन्यावर जरा जास्तच थांबत थांबत चढते. तुम्ही मात्र पुन्हा यायला फार दिवस थांबू नका, लवकर या. दोन मजले आहेत, पण वर वारा छान येतो.